ठळक अक्षरांतले आम्ही

रिपोर्ट आला तेव्हा माझे अकरा आकडे ठळक अक्षरांत होते आणि बायकोचे सात. त्यामुळे घरात आजारी मी आहे, हे एकमतानं ठरलं. आईनं माझ्या पानातली तुपाची वाटी उचलली. मुलीनं बंगळूरहून फोन करून "बाबा, जिना सावकाश चढा" असं बजावलं. वरच्या मजल्यावरच्या आप्पांचे मागच्या वर्षी नऊ ठळक निघाले होते आणि तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचा शब्द शेवटचा मानला जातो. ते चष्मा लावून आले, त्यांनी माझे अकरा बोटांवर मोजले, आणि प्रथमच मला "बसा" म्हणाले. माझ्याच घरात.

बायकोच्या रिपोर्टाकडे कुणी फारसं पाहिलं नाही. हिमोग्लोबिन ९.४ होतं, त्यावर आई म्हणाली, "बायकांचं कमीच असतं. माझं तर आयुष्यात कधी दहाच्या वर गेलं नाही." पण खाली एचबीएवनसी नावाच्या गोष्टीपुढे ६.२ लिहिलं होतं आणि शेजारी 'प्री-डायबेटिक'. हा शब्द मात्र सगळ्यांना कळला. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला आणि रोज सकाळी कारल्याचा रस सुरू झाला. मला तूप नाही, तिला साखर नाही. आमच्या संसारात इतकी समानता पूर्वी कधी नव्हती.

ही सगळी हकिगत सुरू झाली ती आमच्या बँकेनं पन्नाशी उलटलेल्या अधिकाऱ्यांची जोडीनं तपासणी करायचं ठरवलं म्हणून. ७२ चाचण्यांचं पॅकेज. रविवारी सकाळी सात वाजता रक्त घ्यायला मुलगा घरी आला. त्यानं विचारलं, "उपाशीपोटी आहात ना?" मी म्हटलं, "हो, रात्री जेवलोय त्यानंतर काही नाही." यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त आदल्या रात्री साहेबांच्या मुलाचं रिसेप्शन होतं, बासुंदीच्या काउंटरवर रांग होती आणि माझा नंबर लागला तेव्हा साडेअकरा वाजले होते. बायको दमलेय म्हणून घरीच राहिली होती. अलीकडे ती बऱ्याचदा दमायची. आम्ही त्याला वय म्हणत होतो.

मुलानं प्रत्येकाच्या तीन नळ्या भरल्या. एकीचं बूच पिवळं, एकीचं राखाडी, एकीचं जांभळं. मी तीस वर्षं बँकेत काढलेली असल्यामुळे एकाच खात्यातून तीनदा पैसे का काढले, हे विचारल्याशिवाय मला राहवेना. पोरगा हुशार होता. म्हणाला, पिवळ्यात कोलेस्टेरॉल वगैरे. राखाडी साखरेसाठी. तिच्यात फ्लोराइड असतं, कारण रक्त बाहेर काढलं तरी त्यातल्या पेशींची न्याहारी थांबत नाही. साध्या नळीत ठेवलं तर दर तासाला पाच-सात टक्के साखर त्या खाऊन टाकतात. लॅब लांब असेल आणि मुलगा वाटेत मिसळ खायला थांबला, तर पेशंटची साखर आपोआप सुधारते. "आणि जांभळी?" "ती दोन कामं करते काका. हिमोग्लोबिनपण तिच्यातच आणि तीन महिन्यांची साखरपण." तेव्हा मी हे ऐकून सोडून दिलं. खरं म्हणजे सगळी गोष्ट त्या जांभळ्या बुचाखाली होती.

आठवडाभर दोघांनी उपासमार सोसल्यावर आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सत्तरी ओलांडलेल्या बाई. दवाखाना दोन खोल्यांचा, आणि बाहेरच्या खोलीतलं घड्याळ गेली कित्येक वर्षं सव्वादहाच दाखवतं, म्हणजे कुणालाच फार वेळ थांबल्यासारखं वाटत नाही. मी दोन्ही फायली पुढे ठेवल्या. माझी वर.

"अकरा आहेत," मी नम्रपणे म्हणालो.

"बहात्तरांत अकरा? बरं." बाईंनी चष्मा पुसला. "तुम्ही बँकेत ना? मग आधी हे सांगा, ही शेजारी जी मर्यादा छापलेली असते, ती कोण ठरवतं?"

मी रिझर्व्ह बँक म्हणणार होतो, पण थांबलो.

बाईंनी सांगितलं ते असं. बऱ्याचशा चाचण्यांत निरोगी माणसं घेऊन त्यांचे आकडे क्रमानं लावतात आणि मधल्या ९५ टक्क्यांना 'नॉर्मल' म्हणतात. म्हणजे वीस धडधाकट माणसांतला एक जण व्याख्येनंच ठळक अक्षरांत जातो. आणि एकाच धडधाकट माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर निदान एक तरी बाहेर पडण्याची शक्यता ६४ टक्के. बहात्तर केल्यावर एकही ठळक आला नाही, तर खरं म्हणजे लॅबला फोन करून चौकशी करावी.

"पण कोलेस्टेरॉलची मर्यादा तशी नाही," बाई म्हणाल्या. "तिथे चारचौघांचं किती असतं हे बघितलेलं नाही, किती असलं की हृदयाला धोका वाढतो हे बघून रेघ मारलीय. साखरेचंही तसंच. त्यामुळे अख्ख्या बिल्डिंगचा आकडा रेघेच्या वर गेला, तरी त्यानं बिल्डिंग नॉर्मल होत नाही." आप्पांना हे सांगायला मी उत्सुक झालो.

मग त्यांनी माझे अकरा घेतले. दोन जीवनसत्त्वांचे होते, एक उच्चारता न येणारा होता, ते तिन्ही त्यांनी बाजूला ठेवले. उरलेले आठ सगळे चरबीच्या पानावरचे. एकूण कोलेस्टेरॉल २१२, ट्रायग्लिसराइड २९०, एचडीएल ३८, एलडीएल ११६, व्हीएलडीएल ५८, नॉन-एचडीएल १७४, आणि खाली दोन गुणोत्तरं, ५.६ आणि ७.६. बाईंनी पेन्सिल घेतली आणि पहिल्या तिघांभोवती गोल केला.

"रक्तात मोजलेत एवढे तीन. बाकी पाच हिशेबानं काढलेत."

मी खुर्चीत पुढे सरकलो. हिशेब म्हटला की माझा रक्तदाब खाली येतो.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून जाताना त्याला गाडी लागते. एलडीएल, एचडीएल, व्हीएलडीएल ही त्या गाड्यांची नावं. एलडीएल ही माल वाटत सुटणारी गाडी. माल जास्त झाला तर तो रक्तवाहिनीच्या भिंतीत साठतो, म्हणून तिला वाईट म्हणतात. एचडीएल उरलेला माल गोळा करून परत नेणारी. सगळ्या गाड्यांतला माल मिळून एकूण कोलेस्टेरॉल. आता एलडीएलमधला माल सरळ मोजणं पूर्वी फार खर्चाचं होतं, त्यासाठी प्रचंड वेगानं फिरणारं यंत्र लागायचं. म्हणून १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी वजाबाकी दिली. ट्रायग्लिसराइडला पाचानं भागा, ते व्हीएलडीएल समजा. एकुणातून ते आणि एचडीएल वजा करा, उरेल ते एलडीएल. अजूनही पुष्कळ रिपोर्टांत तीच वजाबाकी असते.

मी मनातल्या मनात केली. २९० भागिले ५, ५८. २१२ वजा ३८ वजा ५८, बरोबर ११६. ताळेबंद जुळला. पण मग माझ्या लक्षात आलं, की व्हीएलडीएल हा ट्रायग्लिसराइडचाच पाचवा हिस्सा आणि ७.६ हे गुणोत्तर म्हणजे ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल. म्हणजे त्या एकट्या २९०वर स्वतःचा एक आणि नातेवाइकांच्या नावानं आणखी दोन असे तीन गुन्हे दाखल झाले होते.

"आणि हे २९० कशानं आलं?" बाईंनी विचारलं. "आदल्या रात्री शेवटचं कधी खाल्लंत?"

"रात्री," मी म्हणालो.

"साडेअकराला. बासुंदी," बायको म्हणाली. ती रिसेप्शनला नव्हती, तरी तिला सगळं माहीत होतं.

ट्रायग्लिसराइड हे जेवणानंतर चढतं आणि उतरायला वेळ घेतं, म्हणून त्यासाठी बारा तास पोट रिकामं हवं. मी साडेसातच दिले होते. बाईंनी फेरतपासणी लिहून दिली. दोन आठवडे नेहमीसारखं वागा, तपासणी आहे म्हणून संत होऊ नका, आणि आदल्या रात्री सातला जेवा. पाणी चालेल. चहा म्हणजे पाणी नव्हे.

तूप सोडलं तर बाकी सगळं त्याप्रमाणे केलं. ट्रायग्लिसराइड २९० वरून १६५ वर आलं. एकूण २०४, एचडीएल ३९. मी पेढे आणायला निघणार, एवढ्यात एलडीएल दिसलं. ११६ वरून ते १३२ झालं होतं! दोन आठवडे तुपाशिवाय जेवून माझं वाईट कोलेस्टेरॉल वाढलं होतं. आई म्हणाली, "तूप सोडलंस त्याचाच परिणाम." वाटी परत पानात आली.

बाईंनी या वेळी पेन्सिल माझ्या हातात दिली. "करा वजाबाकी." १६५चा पाचवा हिस्सा ३३. २०४ वजा ३९ वजा ३३, १३२. वाढलेलं काहीच नव्हतं. पहिल्या वेळी बासुंदीमुळे ट्रायग्लिसराइड फुगलं, त्याच्या पाचव्या हिश्श्यानं वजाबाकीत जास्त खाल्लं, म्हणून एलडीएल कमी दिसलं होतं. माझ्या रक्तात एक प्रामाणिक गुन्हेगार बासुंदीच्या आड लपला होता. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं, तर हे लपणं इतकं वाढतं की ती वजाबाकी वापरूच नये असं तिचा नियमच सांगतो. मग एलडीएल सरळ मोजून घ्यावं लागतं.

"म्हणून मी आधी नॉन-एचडीएल बघते," बाई म्हणाल्या. "एकूण वजा एचडीएल, बस. त्यात अंदाज नाही. तुमचं पहिल्यांदा १७४ होतं, आता १६५. फार हललं नाही. आणि १३०च्या आत असावं, तेव्हा खूश होऊ नका." मग त्यांनी वय विचारलं, रक्तदाब घेतला, तंबाखू-सिगारेट विचारली, वडिलांना हृदयविकार किती वर्षांचे असताना झाला ते विचारलं. गोळी द्यायची की नाही हे त्या सगळ्यावर मिळून ठरतं, एकट्या ठळक आकड्यावर नाही. मला सहा महिने मिळाले आहेत. रोज पाऊण तास चालणं, तळण बंद, आणि बासुंदीच्या रांगेत उभं राहायचं असेल तर फक्त साहेबांशी बोलायला.

पण हे नंतरचं. त्या पहिल्या दिवशी माझी फाईल मिटल्यावर बाईंनी बायकोची उघडली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. त्यांच्या खोलीत एवढी शांतता मी घड्याळ बंद असूनही कधी ऐकली नव्हती.

"कारल्याचा रस कुणी सांगितला?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"हे बघा," बाई मला म्हणाल्या, "उपाशीपोटी साखर ९१. शंभराच्या आत, उत्तम. एचबीएवनसी ६.२, त्यावरून रिपोर्टनं गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर काढलीय १३१. जेवणानंतर दोन तासांची तुम्ही केलेली नाही, ती मी आत्ता करते." दोन तासांनी ती आली ११८.

"आता तुम्ही बँकवाले आहात. एका खात्यात सकाळी शिल्लक ९१ असते. सगळे पैसे जमा होऊन गेल्यावर ११८ असते. तर सरासरी शिल्लक १३१ कशी?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. सरासरी ही सर्वांत मोठ्या आकड्याहून मोठी! आमच्या शाखेत कुणी असं विवरणपत्र आणलं असतं, तर मी त्याला सहीशिवाय परत पाठवलं असतं. आणि घरी मी त्यावर आठवडाभर कारली आणली होती.

"खात्यात घोळ नाही," बाई म्हणाल्या. "मोजपट्टीत आहे." आणि बायकोकडे वळून विचारलं, "संक्रांतीला घरी हलवा करता?"

"सासूबाई करायच्या. आता विकतचा."

"तीळ मंद आचेवर परतत राहायचं आणि वर थोडा थोडा पाक घालायचा. दाणा जितका जास्त वेळ परातीत, तितका त्याच्यावर साखरेचा थर जाड. बरोबर? रक्तातही तेच. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं, रक्तातली साखर त्याला चिकटत जाते. पेशी जगते साधारण १२० दिवस. आपण दाण्यावरचा थर मोजतो आणि त्यावरून म्हणतो, पाक किती दाट होता. हे झालं एचबीएवनसी. पण त्यात एक गोष्ट धरून चालतो, की नवे तीळ रोज तितकेच पडताहेत आणि जुने तितकेच निघताहेत."

"आणि नवे पडले नाहीत तर?" बायकोनं विचारलं.

"तर परातीत जुनेच दाणे फिरत राहणार. पाक पातळ असला तरी थर जाड दिसणार. तुमच्या अंगात लोह नाही. नव्या पेशी पुरेशा होत नाहीयेत. म्हणून त्या ६.२चा अर्थ साखर जास्त असा घेता येत नाही. तो ९.४चाच नातेवाईक आहे."

एकाच जांभळ्या नळीतले दोन आकडे. एकाला आम्ही 'बायकांचं असंच असतं' म्हणून सोडलं होतं आणि दुसऱ्याला धरून घरात कारल्याचं राज्य आणलं होतं. बाईंनी हेही सांगितलं, की उलटंही होतं. अचानक मोठा रक्तस्राव झाल्यावर किंवा पेशी लवकर फुटण्याच्या आजारात दाणे तरुणच राहतात, थर पातळ दिसतो आणि खरा मधुमेह लपतो. थर बघताना दाणे किती जुने आहेत ते विचारायचं.

मग प्रश्न सुरू झाले. जिना चढताना धाप लागते? लागते. केस गळतात? हो. पाळीत जास्त जातं? बायको खालच्या आवाजात म्हणाली, दोन वर्षांपासून. मी तेव्हा पन्नाशी उलटलेला, पंचवीस वर्षांचा विवाहित, आणि हे मी प्रथमच ऐकत होतो. तिनं आजवर सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

"तांदूळ निवडताना तोंडात टाकता?"

बायको लाजली. मान खाली घालून "हो" म्हणाली. मूठ-मूठ.

लोह कमी झालेल्या माणसाला कच्चे तांदूळ, बर्फ, माती, पाटीवरची पेन्सिल असलं काहीतरी खावंसं वाटतं, हे बाईंनी सांगितलं. मी गेलं वर्षभर किराणावाल्याशी भांडत होतो, की पाच किलो तांदूळ पंधरा दिवसांत संपतोच कसा. वजनकाट्याबद्दल त्याला दोनदा बोललो होतो.

रिपोर्टात पेशीचा आकार ६९ होता, असायला हवा ८०च्या वर. पेशी अशा बारक्या थॅलेसेमिया मायनरमध्येही असतात, पण तिथे पेशींची संख्या सहसा भरपूर असते. हिची तीही कमी होती. साठ्यातलं लोह बघायला फेरिटिन केलं, ते ५ आलं. मी म्हटलं, "म्हणजे किमान शिल्लकसुद्धा नाही." बाई म्हणाल्या, "आणि दंड ती भरतेय."

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, साधी, पण रक्त घालवणारी. तिचे उपचार स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सुरू झाले. कारण न शोधता नुसती लोहाची गोळी देणं म्हणजे बूच न लावता बादली भरणं. गोळीचेही नियम निघाले. चहा-दुधाबरोबर घ्यायची नाही, लिंबू-पाण्याबरोबर घ्यायची, काळी शी झाली तर घाबरायचं नाही. हिमोग्लोबिन पुरेसं झालं की लगेच थांबवायची नाही, साठा भरायला पुढे आणखी तीन महिने चालू ठेवायची. आईनं बीट सुचवलं होतं, लाल असतं म्हणून. बाई म्हणाल्या, कोशिंबीर म्हणून जरूर खा, पण बिटाचा तो रंग वेगळा, रक्ताचा वेगळा. लाल दिसतं म्हणून रक्त वाढणार असेल, तर कुंकवानंही वाढायला हवं.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१ आलं. एचबीएवनसी ५.६. दरम्यान साखरेचा डबा फळीवरून खाली आला होता आणि ती चहात रोज दोन चमचे घालत होती. आप्पांनी या सुधारणेचं श्रेय कारल्याला दिलं. बाईंनी मात्र पेढे खाऊ दिले नाहीत. आता परातीत सगळे नवे दाणे आहेत, म्हणून थर जरा पातळच दिसणार, आणखी काही महिन्यांनी पुन्हा बघू, म्हणाल्या.

आता आम्ही संध्याकाळी जोडीनं चालायला जातो. परत येताना ती तिसऱ्या मजल्यावर पोचून कुलूप उघडते, तेव्हा मी दुसऱ्यावर कठड्याला धरून उभा असतो. तिच्या रिपोर्टात आता एकच आकडा ठळक आहे. माझे अजून सहा. घरात आजारी कोण हे ठरवताना आम्ही ते मोजत नाही.

मागच्या महिन्यात पाच किलो तांदूळ महिनाअखेरपर्यंत पुरला. किराणावाल्याकडे गेलो आणि काही न बोलता दहा किलोची पिशवी घेतली. त्यानं ती काट्यावर ठेवली आणि काटा माझ्याकडे फिरवला. मी म्हटलं, "राहू दे. वजन बरोबरच असतं तुझं."